शाफ्ट कोणता आणि केबल कोणाची: सामाईक फायबरसाठी एका सभासदाने समितीला लिहिलेले पत्र

ही इमारत स्टिल्टवर सात मजल्यांची आहे. प्रत्येक मजल्यावर चार सदनिका, म्हणजे एकूण २८ सभासद. इमारतींच्या अंतर्गत केबलिंगचे आराखडे करणे हे माझे काम असल्यामुळे पत्र लिहिणाऱ्या सभासदाने मला बोलावले, पण तोपर्यंत शाफ्टमधून फायबर केबल टाकण्याची परवानगी मागणारे त्यांचे पहिले पत्र समितीने फेटाळले होते. समितीचा तो नकार मला योग्य वाटला, हे सुरुवातीलाच सांगतो. त्याच मागणीसाठी दोन महिन्यांनी लिहिलेल्या दुसऱ्या पत्राला सर्वसाधारण सभेने मंजुरी दिली. दोन पत्रांच्या मधल्या काळात मागणी तीच राहिली, पण तिच्यातील प्रत्येक शब्दाला नेमका अर्थ आला. या प्रकरणात अभ्यासण्यासारखे जे काही आहे ते त्या दोन महिन्यांत घडले.

विषय निघाला तो गच्चीच्या वॉटरप्रूफिंगवरून. इमारतीत तीन कंपन्यांची ब्रॉडबँड सेवा होती आणि तिघींच्याही केबल शेजारच्या इमारतींवरून गच्चीवर येऊन, पॅरापेटवरून बाहेरच्या भिंतीला लोंबकळत, खिडकीच्या चौकटीतून घरात शिरत होत्या. मे २०२४ मध्ये वॉटरप्रूफिंगच्या कंत्राटदाराने काम सुरू करण्यापूर्वी गच्ची मोकळी करून मागितली. कोणती केबल कोणाची आणि त्यांतली चालू कोणती हे कोणालाच सांगता येईना, कारण सेवा बंद केलेल्या घरांच्या जुन्या केबलही तशाच पडून होत्या. शेवटी वेटोळी उचलून एका कोपऱ्यात ठेवताना काही तुटल्या आणि अकरा घरांचे इंटरनेट बंद पडले. पावसाळा तोंडावर आला होता आणि नव्या थरावरून पुन्हा तशाच केबल ओढल्या जाणार हे दिसत होते.

जूनमधले पहिले पत्र या परिस्थितीत लिहिले गेले. त्यात केबलच्या जंजाळाचे वर्णन होते, तुटलेल्या जोडण्यांबद्दलचा त्रास होता आणि शेवटी एकच वाक्य होते: “तरी इमारतीच्या शाफ्टमधून फायबर केबल टाकण्यास परवानगी द्यावी, ही विनंती.” समितीने जुलैच्या सभेत पत्र वाचले आणि इतिवृत्तात नोंद केली की शाफ्टमधून खासगी केबल टाकण्यास परवानगी देता येत नाही.

सचिवांशी बोलल्यावर त्यामागची कारणे समजली. शाफ्ट म्हटल्यावर समितीच्या डोळ्यांसमोर मीटर रूममधून वर जाणारा विजेचा शाफ्ट आला होता, कारण इमारतीत कुलूप लावलेला आणि किल्ली कार्यालयात असलेला शाफ्ट तोच. त्यात बाहेरच्या कंपनीचा माणूस शिरणार ही कल्पनाच त्यांना नको होती. दुसरे कारण असे की तीन कंपन्यांपैकी एकीने याच सुमारास समितीला स्वतंत्र प्रस्ताव दिला होता: आम्ही संपूर्ण इमारतीत विनामूल्य केबल टाकून देतो, मात्र शाफ्ट फक्त आम्हीच वापरू. सभासदाचे पत्र म्हणजे त्याच कंपनीसाठी केलेली शिफारस असावी, असा काहींचा समज झाला. पत्रात कंपनीचे नावही नव्हते आणि केबल कोणाच्या मालकीची राहणार याचा उल्लेखही नव्हता. त्यामुळे त्यांनी तसा समज करून घेतला याचे नवल वाटत नाही.

विजेच्या शाफ्टबाबत समितीची शंका तर नियमाला धरूनच होती. राष्ट्रीय इमारत संहितेच्या अग्निसुरक्षेच्या भागात स्पष्ट म्हटले आहे की विजेच्या केबलसाठी स्वतंत्र डक्ट असावा, तो प्रत्येक मजल्यावर न जळणाऱ्या साहित्याने बंद केलेला असावा आणि त्यात पाण्याचे नळ, गॅसचे नळ, टेलिफोन किंवा इंटरकॉमच्या तारा अशी दुसरी कोणतीही सेवा टाकू नये. फायबरमधून वीज वाहत नाही हे खरे. पण या नियमाचा उद्देश एवढाच नाही की एका तारेतील वीज दुसरीत जाऊ नये. विजेच्या शाफ्टमध्ये ठिणगी पडली तर तिला जळायला आणखी आवरणे मिळू नयेत, आणि ज्याला विजेच्या कामाचे प्रशिक्षण नाही अशा माणसाने तिथे हात घालू नये, हेही त्यामागे आहे. म्हणून सभासदाला मी पहिली गोष्ट हीच सांगितली की विजेच्या शाफ्टची मागणी मनातूनही काढून टाका.

मग आम्ही दोघे आणि समितीचे एक सदस्य अशा तिघांनी एका रविवारी इमारतीतील उभे मार्ग खालपासून वरपर्यंत पाहिले. विजेचा शाफ्ट सोडला तर तीन मार्ग उरत होते. लिफ्टच्या शाफ्टमध्ये लिफ्टशी संबंध नसलेले काहीही बसवायचे नसते, त्यामुळे तो बाद झाला. मागच्या बाजूचा नळांचा डक्ट वरून उघडा होता. सांडपाण्याच्या नळांच्या जोडांतून पाणी ठिबकत होते आणि उंदरांचा वावर दिसत होता. उंदीर फायबरचे आवरण कुरतडतात आणि अशा डक्टमध्ये दुरुस्तीसाठी उतरायचे तर दर वेळी परांची लागते. तिसरा मार्ग जिन्याला लागून होता: इंटरकॉम आणि टीव्हीच्या तारांसाठी बिल्डरने ठेवलेला अरुंद शाफ्ट, प्रत्येक मजल्यावर गुडघ्याएवढ्या उंचीपासून सुरू होणारे एक लाकडी दार असलेला. इतक्या वर्षांत त्या दारांवर रंगाचे इतके थर चढले होते की ती भिंतीचाच भाग वाटत होती.

चौथ्या मजल्यावरचे दार पटाशीने उघडून टॉर्च आत धरला तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. इंटरकॉमच्या जुन्या तारांचा एक जुडगा होता आणि बाकी जागा मोकळी होती. दुसरी गोष्ट अशी की स्लॅबमधली चौकोनी फट उघडीच होती. खाली टॉर्च फिरवला तर तिसऱ्या मजल्याचा, त्याखाली दुसऱ्या मजल्याचा भाग सरळ दिसत होता. म्हणजे जिन्याच्या बाजूला, पहिल्यापासून सातव्या मजल्यापर्यंत, धुराला वर जायला इमारत बांधली तेव्हापासून मोकळी वाट होती. महाराष्ट्रात २००६ च्या अग्निप्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायद्यानुसार अग्निसुरक्षेची यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र, ज्याला आपण ‘फॉर्म बी’ म्हणतो, वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावे लागते. समितीच्या सदस्यांनी ती फट पाहिली आणि त्या दिवसापासून हा विषय केवळ इंटरनेटचा राहिला नाही. केबल टाकल्या किंवा नाही टाकल्या, तरी त्या फटी बुजवाव्याच लागणार होत्या. फक्त स्टिल्ट आणि पहिला मजला यांमधली फट मागे कधीतरी काँक्रीटने बंद केलेली निघाली.

आता ‘सामाईक’ या शब्दाचा अर्थ ठरवायचा होता आणि सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो. एकच फायबर टाकून तीनही कंपन्यांनी त्यावर सेवा द्यावी, अशी बहुतेकांची कल्पना असते. घरगुती फायबरमध्ये कंपनीच्या केंद्रातून एका फायबरवर येणारा प्रकाश स्प्लिटर नावाच्या निष्क्रिय डबीत विभागला जातो आणि तिच्यातून आठ, सोळा किंवा बत्तीस घरांना वाटला जातो. त्या झाडातील प्रत्येक घराचे यंत्र केंद्रातील एकाच यंत्राच्या वेळापत्रकाप्रमाणे बोलते. दोन कंपन्यांची केंद्रे एका नेहमीच्या स्प्लिटरला जोडली तर दोघांचा प्रकाश एकाच तरंगलांबीवर एकमेकांत मिसळतो आणि कोणाचेच काम चालत नाही. म्हणून स्प्लिटर प्रत्येक कंपनीचा स्वतःचाच असावा लागतो. सामाईक करता येतो तो स्प्लिटरच्या पुढचा, तळापासून घरापर्यंतचा तुकडा, म्हणजे प्रत्येक घरासाठी राखलेले कोरे फायबर. ज्या कंपनीची सेवा घ्यायची तिच्या स्प्लिटरमधून एक छोटी पॅच कॉर्ड त्या घराच्या फायबरला जोडायची. कंपनी बदलली तर कॉर्ड बदलायची. शाफ्टला, भिंतीला किंवा घराला हात लावण्याचे कारण उरत नाही.

त्यानुसार आराखडा असा झाला. स्टिल्टमध्ये जिन्याजवळ, मीटर रूमपासून लांब आणि पावसाचे पाणी पोहोचणार नाही अशा उंचीवर एक कुलपाचा बॉक्स. तिथून प्रत्येक मजल्यासाठी बारा फायबरची एक स्वतंत्र केबल, म्हणजे सात केबल. त्या मजल्यावर एक छोटा बॉक्स आणि त्यातून चार घरांना प्रत्येकी दोन फायबर. बारांपैकी आठ वापरात, चार राखीव. एकच जाड केबल वर नेऊन तिच्यातून मजल्यामजल्यावर फाटे काढता आले असते, पण त्यात तिसऱ्या मजल्यावर कोणाचा हात चुकला तर वरच्या सगळ्यांचे कनेक्शन जाण्याची भीती असते. घराला दोन फायबर यासाठी की एकावर सेवा चालू असताना दुसऱ्यावर नवी कंपनी तपासून पाहता यावी, आणि एखादे फायबर निकामी झाले तर भिंत फोडावी लागू नये.

ऑगस्टमध्ये दुसरे पत्र दिले गेले. त्याचा मसुदा सभासदाने स्वतः लिहिला आणि मी फक्त तांत्रिक भाग तपासला. सभासदाच्या परवानगीने ते पत्ता आणि नावे वगळून येथे देत आहे.

“प्रति, मा. सचिव, व्यवस्थापन समिती.

विषय: जिन्यालगतच्या इंटरकॉमच्या शाफ्टमधून संस्थेच्या मालकीचे सामाईक फायबर केबलिंग करण्याबाबत.

संदर्भ: माझे जून महिन्यातील पत्र व त्यावरील समितीचा जुलै सभेतील निर्णय.

महोदय,

माझ्या आधीच्या पत्रात शाफ्ट कोणता, केबल कोणाची आणि खर्च कोणाचा हे मी स्पष्ट केले नव्हते. समितीने ती मागणी नाकारली हे योग्यच होते. विजेच्या शाफ्टचा वापर करण्याची माझी मागणी नाही आणि यापुढेही असणार नाही. माझी विनंती जिन्यालगतच्या, सध्या फक्त इंटरकॉमच्या तारा असलेल्या शाफ्टपुरती आहे. समितीच्या सदस्यांसमवेत केलेल्या पाहणीची टिपणे व छायाचित्रे सोबत जोडली आहेत.

प्रस्तावित केबल, मजल्यांवरील बॉक्स आणि स्टिल्टमधील मुख्य बॉक्स हे सर्व संस्थेच्या मालकीचे असावे. कोणत्याही कंपनीला शाफ्टमध्ये स्वतःची केबल टाकता येणार नाही. तिने आपली केबल मुख्य बॉक्सपर्यंत आणावी, आपला स्प्लिटर तिथे बसवावा आणि तिथून पुढे संस्थेचे फायबर वापरावे. हीच अट सर्व कंपन्यांना सारखी असावी आणि कोणालाही एकट्याचा हक्क देऊ नये. मुख्य बॉक्समध्ये वीज लागणारे कोणतेही उपकरण ठेवले जाणार नाही, त्यामुळे सामाईक मीटरवर कोणताही भार येणार नाही.

शाफ्टमधील केबल धातूविरहित आणि कमी धूर देणाऱ्या, हॅलोजनविरहित आवरणाच्या असतील. बाहेर वापरायची काळी केबल मुख्य बॉक्सच्या पुढे येणार नाही. प्रत्येक स्लॅबमधील उघडी फट अग्निरोधक साहित्याने बंद केली जाईल व केबल त्यातून बसवलेल्या धातूच्या नळीतूनच जातील. पहिल्या मजल्याच्या स्लॅबला छिद्र पाडण्यापूर्वी संस्थेच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरची लेखी संमती घेतली जाईल.

हा वापर कायमस्वरूपी व सामाईक जागेचा असल्याने केवळ समितीच्या निर्णयाने तो व्हावा असे माझे म्हणणे नाही. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर हा स्वतंत्र विषय म्हणून घ्यावा व प्रस्तावाची प्रत सूचनेसोबत सर्व सभासदांना पाठवावी, अशी विनंती आहे.

कळावे.

आपला विश्वासू,
सभासद”

या पत्रातील शेवटचा परिच्छेद मला सर्वांत जमलेला वाटतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या ७२ व्या कलमानुसार संस्थेचा अंतिम अधिकार सर्वसाधारण सभेकडे असतो. सामाईक शाफ्ट अनेक वर्षांसाठी वापरायला देणे हा निर्णय समितीने परस्पर घेतला असता तर पुढची समिती किंवा एखादा नाराज सभासद तो मोडू शकला असता. वार्षिक सभेची सूचना चौदा पूर्ण दिवस आधी द्यावी लागते. सभेत अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचा विषय म्हणून हे मांडले असते तर बहुतेकांनी प्रस्ताव वाचलेलाच नसता. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असल्याने ऑगस्टचा पहिला आठवडा ही पत्र देण्याची योग्य वेळ होती.

सभेपूर्वी समितीने दोन मुद्द्यांवर खुलासा मागितला. पहिला मुद्दा त्या विनामूल्य प्रस्तावाचा होता. कंपनी फुकट करून देत असताना संस्थेने खर्च का करावा? याचे उत्तर मालकीत आहे. दूरसंचार कायदा, २०२३ च्या २६ जून २०२४ पासून लागू झालेल्या तरतुदींनुसार खासगी मालमत्तेवर जाळे उभारायचे असेल तर कंपनीने त्या मालमत्तेचे नियंत्रण ज्याच्याकडे आहे त्याच्याशी करार करायचा असतो. त्याच कायद्यात असेही आहे की असे बसवलेले जाळे हे मालमत्तेपासून वेगळे मानले जाते आणि त्या मालमत्तेवरील दावे त्या जाळ्याला लागू होत नाहीत. सोप्या शब्दांत, कंपनीने आपल्या शाफ्टमध्ये टाकलेली केबल शाफ्ट आपला आहे म्हणून आपली होत नाही. उद्या तिची सेवा आवडली नाही तर तिची केबल दुसऱ्या कंपनीला वापरायला देण्याचा संस्थेला अधिकार नसेल, आणि तोवर अरुंद शाफ्टमधली जागा भरलेली असेल. तीन कंपन्यांनी तीन वेळा केबल टाकल्या तर जे गच्चीवर झाले तेच शाफ्टमध्ये होईल आणि तिथे ते काढणे जास्त कठीण जाईल.

दुसरा मुद्दा कंपन्यांच्या तंत्रज्ञांनी उपस्थित केला होता: मध्ये तुमचा बॉक्स आला की सिग्नल कमी होईल, मग तक्रार आमच्याकडे आणू नका. हा आक्षेप हिशेबाने तपासता येतो, आणि मी तो सातव्या मजल्यासाठी कागदावर मांडून दिला. प्रकाशाची शक्ती डीबीएममध्ये आणि वाटेतली घट डेसिबलमध्ये मोजतात; आकडा जितका जास्त उणे, तितका प्रकाश क्षीण. केंद्रातून प्रकाश साधारण अधिक ३ डीबीएम शक्तीने निघतो असे धरले. चार किलोमीटर फायबरमध्ये सुमारे १.४ डेसिबल जातात. एकूण बत्तीस वाटे करणाऱ्या स्प्लिटरांमध्ये १७.५ जातात, आणि हाच सर्वांत मोठा खर्च. कंपनीच्या बाजूचे जोड आणि कनेक्टर मिळून दीड डेसिबल धरले. म्हणजे आपल्या बॉक्समध्ये स्प्लिटरच्या तोंडाशी उणे १७.४ मिळायला हवे. त्यापुढे इमारतीतील पॅच, मजल्यावरचा जोड आणि घरातील सॉकेट मिळून ०.९ धरले. घरात उणे १८.३ पोहोचते. घरातील यंत्र नेहमीच्या प्रकारात उणे २७ पर्यंत चालते. सामाईक केबलिंगमुळे जाणारा प्रकाश एक डेसिबलहूनही कमी आहे आणि हातात आठाहून जास्त डेसिबल शिल्लक राहतात. हा कागद सूचनेसोबत जोडला गेल्यावर तो आक्षेप पुन्हा आला नाही.

खर्चावर मात्र सभेत बराच वेळ चर्चा झाली. अंदाज ८४,००० रुपयांचा होता. कोणीतरी सिंकिंग फंडातून पैसे घेण्याचे सुचवले, पण तो निधी इमारतीच्या पुनर्बांधणीसाठी आणि मोठ्या संरचनात्मक कामांसाठी राखलेला असतो, इंटरनेटसाठी नाही. दोन ज्येष्ठ सभासदांनी आपल्याकडे इंटरनेट नाही आणि नकोही आहे, असे सांगितले. शेवटी खर्चाचे दोन भाग करण्यात आले. मुख्य बॉक्स, सात उभ्या केबल, नळ्या आणि अग्निरोधक भराव हा संस्थेच्या मालमत्तेचा भाग म्हणून ५६,००० रुपये, प्रत्येक सदनिकेला २,००० रुपये. मजल्यावरच्या बॉक्सपासून घरापर्यंतचे काम ज्याला हवे त्याने करून घ्यावे, प्रत्येकी १,००० रुपये. उभ्या भागाचा पैसा सर्वांकडून घेणे मला योग्य वाटते, कारण फटी बुजवण्याचा फायदा इंटरनेट न वापरणाऱ्या घरालाही तेवढाच आहे. ठराव सूचक आणि अनुमोदकासह बहुमताने मंजूर झाला आणि गच्चीवरच्या सर्व केबल मार्चअखेरपर्यंत काढण्याचे त्यातच ठरले.

नोव्हेंबरमध्ये काम झाले. स्टिल्टवरच्या स्लॅबला इंजिनिअरने सळ्या टाळून खूण करून दिली आणि तिथे छिद्र पाडून ५० मिलिमीटर व्यासाची नळी बसवली. सर्वांत जास्त केबल याच ठिकाणी जातात, सातही. सात मिलिमीटर जाडीच्या सात केबल मिळून नळीची सुमारे १४ टक्के जागा व्यापतात. नळी ४० टक्क्यांहून जास्त भरू नये, असा नेहमीचा अंदाज असल्याने पुढे गरज पडली तर जागा आहे. नळीभोवती आणि नळीच्या आत, दोन्हीकडे अग्निरोधक भराव हवा. बाहेरचा भरून आतला विसरणे ही कामगारांची ठरलेली चूक असते आणि इथेही दोन मजल्यांवर ती झाली. नळीच्या तोंडाशी उदबत्ती धरली की धूर वर ओढला जातो का, यावरून ते लगेच कळते. या चाचणीने भरावाची अग्निरोधक क्षमता सिद्ध होत नाही, पण राहिलेली वाट नक्की सापडते. शाफ्टची लाकडी दारे मात्र तशीच राहिली. ती अग्निरोधक दारांनी बदलायला हवीत हे समितीने लिहून ठेवले आहे, पण तो खर्च या ठरावात नव्हता.

जोडण्या सुरू झाल्यावर आठवड्याभरात पाचव्या मजल्यावरच्या एका घरातून तक्रार आली. यंत्रावरचा लाल दिवा मध्येच लागत होता आणि विझत होता. कंपनीच्या तंत्रज्ञाने बॉक्सकडे बोट दाखवले. आम्ही पॉवर मीटर लावून आधी स्टिल्टमधील बॉक्समध्ये स्प्लिटरच्या तोंडाशी मोजले, तिथे उणे १७.४ आले. म्हणजे कंपनीचा भाग ठीक होता. मग त्या घरातील सॉकेटवर मोजले, तिथे उणे २७.६ आले. एक डेसिबलपेक्षा कमी जायला हवे तिथे दहा जात होते, आणि दोष इमारतीच्या भागात होता हे मान्य करावे लागले. घरातील कनेक्टर अल्कोहोलने पुसून पाहिला, फरक पडला नाही. दोन्ही टोकांना हिरवे, म्हणजे तिरकस घासलेले कनेक्टर आहेत ना, हे पाहिले, कारण हिरव्याला निळा जोडला तरी प्रकाश असाच वाया जातो. तेही बरोबर होते. मग मीटर घरात चालू ठेवून, एकजण फोनवर आकडा सांगत असताना, मजल्यावरच्या बॉक्सचे झाकण उघडले. झाकणाचा स्क्रू सैल होताच आकडा उणे १८.२ वर आला. आत गुंडाळून ठेवलेल्या फायबरचा एक पदर झाकण आणि डबीची कड यांमध्ये चेपला गेला होता. या प्रकारचे फायबर दहा मिलिमीटर त्रिज्येचे वळण सहन करते, पण कडेखाली दुमडले तर प्रकाश आवरणातून बाहेर निसटतो. झाकण थोडे गरम किंवा थंड झाले की चेपणे कमी-जास्त होत होते, म्हणून दिवा कधी लागायचा आणि कधी नाही. पदर आत सरकवला आणि त्या दिवशी सातही मजल्यांची झाकणे उघडून पाहिली. आणखी एका ठिकाणी तसाच पदर कडेवर आलेला होता, तो अजून चेपला गेला नव्हता.

या प्रसंगानंतर समितीने दोन गोष्टी लावून घेतल्या. प्रत्येक घराचे जोडणीच्या दिवशीचे दोन आकडे, खालचा आणि घरातला, रजिस्टरमध्ये लिहायचे. पुढे तक्रार आली की तेच दोन आकडे पुन्हा मोजायचे. खालचा आकडा बिघडला असेल तर तक्रार कंपनीची, दोहोंतील फरक वाढला असेल तर संस्थेची. मुख्य बॉक्सची किल्ली कार्यालयात राहते आणि कंपनीच्या माणसाने डावीकडच्या, सदनिका क्रमांक लिहिलेल्या पॅनेलला हात लावायचा नाही, फक्त उजवीकडच्या आपल्या स्प्लिटरपासून पॅच कॉर्ड जोडायची. जानेवारी २०२५ च्या फॉर्म बी तपासणीत जिन्यालगतच्या शाफ्टची छायाचित्रे समितीने स्वतःहून दाखवली.

तीनपैकी दोन कंपन्या सामाईक फायबरवर आल्या. तिसरीने सांगितले की ग्राहकाच्या घरापर्यंत केबल स्वतःचीच असावी असे तिचे धोरण आहे. तिची सेवा घेणारी पाच घरे आहेत आणि त्यांच्या केबल अजून गच्चीवरून येतात, फक्त आता त्या पॅरापेटवर क्लिपने बसवलेल्या आणि सदनिका क्रमांकाची पट्टी लावलेल्या आहेत. मार्चअखेरची मुदत त्यांनाही लागू आहे आणि समितीने कंपनीला तसे लेखी कळवले आहे. त्या पाच घरांची दहा फायबर मुख्य बॉक्समध्ये धुळीपासून वाचवणारी टोपणे लावून, मोजलेल्या आकड्यांसह, तयार आहेत.